मज्जा रिकामी की व्यापलेली? तिन्ही रक्तपेशी एकदम घटतात तेव्हा

दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवू. दोन्ही सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीचे. माणसं काल्पनिक आहेत, पण असे आकडे रक्तविकारांच्या विभागात रोज दिसतात.

पहिला रिपोर्ट २४ वर्षांच्या तरुणाचा. हिमोग्लोबिन ६.२, पांढऱ्या पेशी १,८००, प्लेटलेट्स ९,०००. दीड महिन्यापासून जिना चढताना धाप लागते, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठलेत. दुसरा रिपोर्ट ६८ वर्षांच्या गृहस्थांचा. हिमोग्लोबिन ७.४, पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट्स ३८,०००. त्यांनाही थकवा आहे, शिवाय दोन महिन्यांपासून कंबर दुखते आणि रात्री जास्त दुखते.

दोन्ही रिपोर्टांवर एकच शब्द लिहिला जाईल: पॅन्सायटोपेनिया. पॅन म्हणजे सगळं, सायटो म्हणजे पेशी, पेनिया म्हणजे तुटवडा. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स, तिन्हींचा तुटवडा. हे आजाराचं नाव नाही, फक्त दिसलेल्या गोष्टीचं वर्णन आहे. घरात वीज नाही म्हटल्यावर बिघाड कुठे आहे ते कळत नाही, तसंच हे. या दोघांचे बिघाड तर अगदी उलट टोकांचे निघणार आहेत. एकाची मज्जा जवळपास ओस पडली आहे आणि दुसऱ्याच्या मज्जेत पाय ठेवायला जागा नाही.

हा फरक कसा ओळखायचा, ते समजायला आधी रक्ताचा जमाखर्च पाहावा लागतो.

रक्तातल्या पेशींचा आकडा म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी. नळातून पाणी येतं, खालून जातं, आणि दोन्हींचा मेळ असेल तोवर पातळी स्थिर राहते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात अशा सुमारे ५० लाख पेशी असतात. ५० लाखांना १२० ने भागलं की कळतं, दर मायक्रोलिटरमागे रोज जवळजवळ ४२,००० तांबड्या पेशी म्हाताऱ्या होऊन मोडीत निघतात आणि तेवढ्याच नव्या याव्या लागतात. शरीरातल्या पाच लिटर रक्ताचा हिशेब केला तर रोजच्या नव्या तांबड्या पेशी २०० अब्जांच्या घरात जातात. प्लेटलेट जगते आठ-दहा दिवस. न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणारी पांढरी पेशी, रक्तात एक दिवससुद्धा टिकत नाही. काही तासांत ती ऊतींमध्ये शिरते आणि तिथे संपते.

हा सगळा माल एकाच ठिकाणी तयार होतो, हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत. मोठ्या माणसात ही कामाची तांबडी मज्जा मुख्यतः मणक्यांत, कमरेच्या हाडांत, बरगड्यांत आणि छातीच्या मधल्या हाडात असते. हातापायांच्या लांब हाडांतली मज्जा बहुतेक चरबीने भरलेली असते. तांबड्या मज्जेतल्या मोजक्या मूळ पेशींपासून तिन्ही प्रकारच्या पेशी फुटतात. मूळ पेशी स्वतः क्वचितच विभागते, पण तिची पिल्लावळ भराभर वाढत जाते आणि रोजचा अब्जावधींचा पुरवठा होतो.

आता कल्पना करा, मज्जेने आज सकाळी काम थांबवलं. न्यूट्रोफिल थोड्याच दिवसांत तळाला जातील, कारण मज्जेत साठवलेला माल संपला की मागून काहीच येणार नाही. प्लेटलेट्स आठवड्या-दीड आठवड्यात उतरतील. हिमोग्लोबिन मात्र रोज जेमतेम १२०व्या हिश्शाने घसरेल. १४ असलेलं हिमोग्लोबिन महिन्याने साडेदहाच्या आसपास असेल. म्हणजे तिन्ही आकडे एकाच कारणाने पडत असले तरी एका वेगाने पडत नाहीत. प्रत्यक्षात मज्जा अशी एका सकाळी बंद होत नाही. ती आठवडे-महिने मंदावत जाते, शरीर कमी हिमोग्लोबिनला बऱ्यापैकी सरावतं, आणि पुष्कळदा पेशंट डॉक्टरकडे येतो तो थकवा किंवा रक्तस्राव घेऊन. ताप पुढे येतो, किंवा येतच नाही.

टाकीची पातळी खाली जायला कारणं दोनच गटांतली असू शकतात. एक, नळ मंद झाला. दोन, खालून जास्त जातंय किंवा कुठेतरी अडून राहतंय. दुसऱ्या गटातला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे प्लीहा. एरवीही शरीरातल्या साधारण एक तृतीयांश प्लेटलेट्स प्लीहेत विसाव्याला असतात. यकृताच्या जुन्या आजारात ती फुगली की तिन्ही पेशी तिथे अडकून राहतात आणि रक्तातले आकडे पडतात. मज्जेचं काम मात्र जोरात चालू असतं.

मग नळ मंद झालाय की गळती आहे, हे मज्जेत सुई न घालता कळेल का? बऱ्याच अंशी कळतं, आणि तेही एका स्वस्त तपासणीने. माझ्या मते पॅन्सायटोपेनियात सर्वात जास्त दुर्लक्षित आकडा हाच आहे: रेटिक्युलोसाइट.

रेटिक्युलोसाइट म्हणजे मज्जेतून नुकतीच बाहेर पडलेली तांबडी पेशी. केंद्रक टाकून दिलेलं, पण आत आरएनएचे अवशेष अजून शिल्लक. खास रंग दिला की ते धाग्यांसारखे दिसतात. ही ओळख रक्तात साधारण एक दिवस टिकते, मग ती बाकीच्यांसारखी दिसू लागते. म्हणून रेटिक्युलोसाइटची मोजणी ही एका अर्थी आदल्या दिवसाच्या जन्मांची नोंद असते. वर आपण रोज ४२,००० पेशी लागतात असं काढलं. ५० लाखांत ४२,००० म्हणजे ०.८ टक्के. लॅबच्या कागदावर अर्ध्या टक्क्यापासून दोन-अडीच टक्क्यांपर्यंतचा जो नॉर्मल पल्ला छापलेला असतो, त्यात हा आकडा बरोबर बसतो.

गोंधळ होतो तो टक्क्यांमुळे. आपल्या ६८ वर्षांच्या गृहस्थांचा रेटिक्युलोसाइट आहे १.४ टक्के. रिपोर्टवर त्याच्यासमोर ठळक अक्षर नाही, बाण नाही, सगळं आलबेल. पण त्यांच्या तांबड्या पेशी २५ लाखच आहेत. २५ लाखांचे १.४ टक्के म्हणजे ३५,०००. निरोगी माणसात हा आकडा साधारण २५,००० ते १,००,००० असतो, म्हणून ३५,००० ठीक वाटतो. मात्र ज्या शरीराचं हिमोग्लोबिन निम्म्यावर आलंय, त्याच्या मूत्रपिंडांनी एरिथ्रोपोएटिन या हार्मोनमार्फत ‘तांबड्या पेशी वाढवा’ असा हुकूम कधीच सोडलेला असतो आणि निरोगी मज्जेने उत्पादन दुपटी-तिपटीने वाढवायला हवं होतं. तसं झालेलं नाही. नळ पूर्ण बंद नाही, पण मागणीच्या मानाने मंद आहे.

तरुणाचा रेटिक्युलोसाइट ०.६ टक्के. तांबड्या पेशी १९ लाख. गुणाकार केला की ११,४००. हा नळ जवळजवळ बंदच आहे.

एवढ्यावर दोघांच्याही बाबतीत प्लीहेला सोडून देता येतं आणि संशय मज्जेवर येतो. मज्जा कशी बिघडली, हा पुढचा प्रश्न. शक्यता तीन. मूळ पेशीच संपल्या आणि मज्जा रिकामी झाली. मूळ पेशी आहेत, पण परक्यांनी जागा व्यापली. किंवा मज्जा भरलेली आहे, पेशी आपल्याच आहेत, फक्त त्या नीट तयार होत नाहीत आणि बाहेर पडण्याआधीच मरतात. तिसऱ्या प्रकारात बी-१२ आणि फोलेटची कमतरता येते. तिचा उल्लेख इथे एवढ्याचसाठी करतो, की ती इंजेक्शनांनी पूर्ण बरी होते आणि तरीही कधीकधी तिला ल्युकेमिया समजून घरचे हादरतात. तिच्यात तांबड्या पेशी फुगलेल्या असतात, न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या दिसतात आणि मज्जेतच पेशी मरत असल्यामुळे त्यांच्यातून सांडणारं एलडीएच हे एन्झाइम रक्तात खूप वाढलेलं असतं. पॅन्सायटोपेनियाच्या प्रत्येक पेशंटची बी-१२ची पातळी बघायलाच हवी. आपल्या दोघांची ती नॉर्मल निघाली.

आता काचपट्टीवर येऊ. रक्ताचा एक थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. मशीन कितीही चांगलं असलं तरी या दोघांमधला फरक डोळ्यांनाच दिसतो.

तरुणाची काचपट्टी कंटाळवाणी आहे. पेशी कमी आहेत, पण ज्या आहेत त्या दिसायला साध्या, किंचित मोठ्या. प्लेटलेट शोधावी लागते. पांढऱ्या पेशींत १८ टक्के न्यूट्रोफिल, ७८ टक्के लिम्फोसाइट. लिम्फोसाइट वाढलेत असं वाटतं, पण तो टक्क्यांचाच खेळ आहे. लिम्फोसाइट दीर्घायुषी असतात, मज्जा बंद झाल्यावरही ते रेंगाळतात, बाकीचे निघून जातात. १,८०० चे १८ टक्के म्हणजे न्यूट्रोफिल ३२४. कच्ची पेशी एकही नाही. या पट्टीवर काय दिसतं यापेक्षा काय दिसत नाही ते महत्त्वाचं.

गृहस्थांची काचपट्टी पहिल्याच नजरेत थांबवते. काही तांबड्या पेशी अश्रूच्या थेंबासारख्या, एका टोकाला निमुळत्या. दर १०० पांढऱ्या पेशींमागे सहा केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी. निरोगी मोठ्या माणसाच्या रक्तात त्या दिसायलाच नकोत, कारण केंद्रक टाकल्याशिवाय मज्जेतून बाहेर सोडत नाहीत. पांढऱ्यांमध्ये मायलोसाइट आणि मेटामायलोसाइट, म्हणजे अजून शिकाऊ असलेल्या पेशी. या चित्राला ल्युकोएरिथ्रोब्लास्टिक चित्र म्हणतात. नाव अवघड आहे, अर्थ सोपा: दोन्ही घराण्यांची कच्ची पोरं रस्त्यावर आली आहेत. मशीनने या केंद्रकवाल्या तांबड्या पेशी पांढऱ्यांत धरल्या असतील तर खरा आकडाही बदलतो. २,९०० ला १०० ने गुणून १०६ ने भागायचं, उत्तर येतं जेमतेम २,७००.

ती पोरं रस्त्यावर का आली? मज्जेत रक्ताच्या बारीक वाहिन्या असतात आणि त्यांची भिंत चाळणीसारखं काम करते. पेशी तयार झाली, लवचिक झाली, की तीच या भिंतीतून सरकते. परक्या पेशी मज्जेत घुसल्या, त्यांच्याभोवती रेटिक्युलिनच्या तंतूंचं जाळं वाढलं, की ही भिंत विस्कटते. कच्चा माल गळू लागतो. त्याच वेळी मूळ पेशींना मज्जेत थारा उरत नाही आणि त्यातल्या काही प्लीहेत आणि यकृतात जाऊन तिथेच दुकान मांडतात. तिथे मज्जेसारखी चाळणी नसते. तंतूंच्या गचपणातून आणि प्लीहेतून अंग चोरत बाहेर पडणारी तांबडी पेशी ताणली जाते आणि अश्रूचा आकार घेते.

‘परक्यांनी जागा व्यापली म्हणून मज्जा निकामी झाली’ असं आम्ही पेशंटला सांगतो आणि ते निम्मंच खरं आहे. मज्जेत चरबीच्या रूपाने बरीच राखीव जागा असते. नुसत्या दाटीने उत्पादन बंद पडायचं तर मज्जा गच्च भरेपर्यंत आकडे पडायला नकोत. ल्युकेमियात मात्र मज्जा गच्च होण्याआधीच ते पडलेले दिसतात. घुसखोर पेशी मूळ पेशींचे ठरलेले कोपरे बळकावतात, तिथले रासायनिक संदेश बदलतात, आणि जिवंत मूळ पेशीसुद्धा झोपल्यासारख्या गप्प बसतात. म्हणूनच घुसखोर हटला तर त्या जाग्या होऊ शकतात. रिकाम्या मज्जेत जागं करायला फारसं कोणी उरलेलंच नसतं.

आतापर्यंत अंदाज बांधला. खात्री करायची तर मज्जा बघावी लागते. कमरेच्या हाडाच्या मागच्या उंचवट्यात, जागा बधिर करून, सुई घालतात. तपासणीचे भाग दोन असतात आणि लोक, कधीकधी डॉक्टरही, त्यांची गल्लत करतात. ॲस्पिरेशनमध्ये मज्जेचा पातळ भाग सिरिंजने ओढतात. त्यात एकेक पेशी जवळून बघता येते. ट्रिफाइन बायोप्सीत जाड सुईने हाडासकट मज्जेची एक कांडी कापून आणतात. त्यात मज्जेची घडण जशीच्या तशी दिसते: किती चरबी, किती पेशी, कुठे तंतू, कुठे परक्यांचे पुंजके. रिकामी की व्यापलेली, या प्रश्नाचा निकाल कांडीवर लागतो, पातळ भागावर नाही.

याचं कारण गृहस्थांच्या वेळी दिसलं. डॉक्टरांनी सिरिंज ओढली, काही आलं नाही. सुई फिरवून पुन्हा ओढली, तरी नाही. याला ड्राय टॅप म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, काहीच आलं नाही म्हणजे आत काहीच नाही. बहुतेक वेळा उलट असतं. मज्जा तंतूंनी किंवा पेशींनी इतकी घट्ट झालेली असते की सुटून येत नाही. तरुणाच्या रिकाम्या मज्जेतून मात्र सहज द्रव आला, वर तेलाचे थेंब तरंगत होते आणि काचपट्टीवर मज्जेचे कण पोकळ जाळ्यासारखे दिसले. ओढलेल्या मालात मज्जेऐवजी बाजूचं रक्तच जास्त आलं तर भरलेली मज्जासुद्धा रिकामी भासू शकते. म्हणून नुसत्या ॲस्पिरेशनवर अप्लास्टिक ॲनिमियाचं, म्हणजे मज्जा रिकामी होण्याच्या आजाराचं, निदान लिहू नये.

कांडी निदान दीड सेंटिमीटरची तरी हवी, दोनची असली तर उत्तम. कारण रिकाम्या मज्जेतही मधूनच एखादं जिवंत बेट असतं. सुई नेमकी त्या बेटावर पडली तर सगळं ठीक वाटतं. मज्जेत पेशी किती टक्के असाव्यात याचा ढोबळ हिशेब असा, की शंभरातून वय वजा करायचं. २४ वर्षांच्या माणसाच्या मज्जेत तीन चतुर्थांशाच्या आसपास पेशी आणि बाकी चरबी अपेक्षित आहे. आपल्या तरुणाच्या कांडीत पेशी होत्या पाच ते दहा टक्के. बाकी सगळी चरबी, मधे विखुरलेले काही लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी. तंतू वाढलेले नाहीत, परकी पेशी नाही. पॉल एर्लिश यांनी १८८८ साली एका गर्भवती तरुणीच्या शवविच्छेदनात हेच पाहिलं होतं: लालभडक असायला हवी ती मज्जा पिवळी, चरबीची.

गृहस्थांच्या कांडीत चरबी शोधावी लागली. दाट तंतूंमध्ये अनोळखी पेशींचे गोळे, काही ठिकाणी नळ्यांसारखी रचना. विशेष रंग लावल्यावर त्या प्रोस्टेटच्या पेशी निघाल्या. प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते पीएसए हे प्रथिन रक्तात बघितलं तर खूपच वाढलेलं. रात्रीच्या कंबरदुखीचा अर्थ तेव्हा लागला. हाडात शिरलेला कॅन्सर मज्जेत पसरला होता आणि पहिली हाक रक्ताच्या रिपोर्टने दिली होती. प्रोस्टेटऐवजी स्तनाचा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर, लिम्फोमा, मायलोमा, क्षयाच्या गाठी, किंवा मज्जेचाच तंतूंचा आजार असलेला मायलोफायब्रोसिस, यांपैकी काहीही तिथे असू शकलं असतं. रक्ताचं चित्र पुष्कळदा असंच दिसतं, घुसखोराचं नाव कांडी सांगते.

हाताने तपासूनही काही कळतं. अप्लास्टिक ॲनिमियात प्लीहा आणि लसिकाग्रंथी वाढत नाहीत. पोटाच्या डाव्या बाजूला प्लीहा हाताला लागली तर अप्लास्टिक ॲनिमिया हा शब्द बाजूला ठेवून पुन्हा विचार करायचा.

तरुणाची मज्जा रिकामी हे कळलं, तरी तपास संपत नाही. मज्जा रिकामी दिसणारे आणखी काही आजार आहेत आणि त्यांतले दोन इथे महत्त्वाचे. पहिला आहे कमी पेशींचा मायलोडिस्प्लेसिया. त्यात मूळ पेशी बिघडलेल्या असतात, गुणसूत्रांत दोष सापडू शकतो, उदाहरणार्थ सातव्या क्रमांकाचं एक गुणसूत्र गायब. दुसरा आहे जन्मजात मज्जाऱ्हास, मुख्यतः फॅन्कोनी ॲनिमिया. बुटकेपणा, अंगठ्यातलं व्यंग, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असे धागे असतात, पण कधीकधी काहीच नसतं आणि आजार विशीत पहिल्यांदा उघडा पडतो. त्याच्यासाठी पेशींवर मायटोमायसिन घालून गुणसूत्रं तुटतात का ते बघतात. हे चुकवून चालत नाही, कारण फॅन्कोनीच्या पेशंटला नेहमीच्या ताकदीची केमोथेरपी देऊन प्रत्यारोपण केलं तर ती त्याच्या जिवावर बेतते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया काही मुलांमध्ये आधी रिकाम्या मज्जेच्या वेशात येतो आणि काही आठवड्यांनी खरं रूप दाखवतो. निदान होण्याआधीच ‘बघू तरी’ म्हणून स्टेरॉइड दिलं, तर ल्युकेमियाच्या पेशी तात्पुरत्या विरघळतात, आकडे सुधारतात, सगळे खूश होतात आणि निदान हातातून निसटतं. पॅन्सायटोपेनियात मज्जा तपासण्याआधी स्टेरॉइड देऊ नये, यावर मी तरी हट्टी आहे.

आपल्या तरुणाची गुणसूत्रं नीट निघाली, तुटण्याची चाचणीही. मग मज्जा रिकामी कुणी केली? बहुतेक पेशंटमध्ये उत्तर एकच: त्याच्याच टी-पेशींनी, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एका प्रकारच्या लिम्फोसाइटनी. हे कसं कळलं, ती गोष्ट छान आहे. जुळ्या भावाकडून, अगदी एकसारख्या जुळ्याकडून, मूळ पेशी दिल्या तर प्रश्न सुटायला हवा. जनुकं तीच, नाकारण्याचा प्रश्नच नाही. तरीही पुष्कळ पेशंटमध्ये नुसत्या पेशी सोडून काम झालं नाही. आधी रोगप्रतिकारशक्ती औषधांनी मोडून मग पेशी दिल्या, तेव्हा त्या रुजल्या. म्हणजे अडचण फक्त बियाण्याची नव्हती, ते खाणारं कुणीतरी आत बसलेलं होतं. त्याच सुमारास, १९७० साली, जॉर्ज माते यांच्या गटाने लिहिलं की लिम्फोसाइटविरोधी सीरम देऊन प्रत्यारोपण केलेल्या काही पेशंटमध्ये परक्या पेशी रुजल्या नाहीत, पण पेशंटची स्वतःचीच मज्जा पुन्हा चालू झाली.

आजचा उपचार त्याच निरीक्षणातून आला. तरुण पेशंट आणि ऊती जुळणारा सख्खा भाऊ किंवा बहीण असेल तर प्रत्यारोपण हा पहिला पर्याय असतो. प्रत्येक भावंडाची जुळण्याची शक्यता चारात एक. जुळणारं नसेल तर एटीजी, म्हणजे घोड्याच्या सीरमपासून केलेली टी-पेशीविरोधी प्रतिद्रव्यं, चार दिवस शिरेतून, आणि त्यासोबत महिनोन् महिने टी-पेशींना दाबणारं सायक्लोस्पोरिन. आता त्यात मूळ पेशींना डिवचणारं एल्ट्रॉम्बोपॅगही जोडतात. सशाचं एटीजी टी-पेशींना जास्त काळ दाबून ठेवतं, म्हणून ते सरस ठरेल अशी अपेक्षा होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या थेट तुलनेत सहा महिन्यांनी घोड्याच्या एटीजीला ६८ टक्के पेशंटनी प्रतिसाद दिला होता, सशाच्या एटीजीला ३७ टक्क्यांनी. जास्त दाबलं म्हणजे जास्त बरं, असं निघालं नाही.

उपचार किती तातडीचा हे ठरवायला तीन आकडे बघतात: न्यूट्रोफिल ५०० च्या खाली, प्लेटलेट्स २०,००० च्या खाली, रेटिक्युलोसाइट २०,००० च्या खाली. रिकाम्या मज्जेसोबत यांतले दोन असले तर आजार तीव्र. मशीन रेटिक्युलोसाइट जास्त मोजतं, म्हणून मशीनच्या मोजणीला तिसरी मर्यादा ६०,००० धरतात. न्यूट्रोफिल २०० च्याही खाली असेल तर अतितीव्र. आपल्या तरुणाचे तिन्ही आकडे मर्यादेखाली, न्यूट्रोफिल ३२४, म्हणजे तीव्र, पण अतितीव्र नाही. तरी त्याला १०० ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच अँटिबायोटिक सुरू करायचं. रक्त आणि प्लेटलेट्स द्यायच्या तर पांढऱ्या पेशी गाळून आणि किरणोत्सर्ग देऊन. आणि शक्यतो घरच्यांचं रक्त टाळायचं. घरच्यांना हे पटत नाही, पण ज्याच्याकडून उद्या मूळ पेशी घ्यायच्या, त्याच्या ऊतींची ओळख पेशंटच्या प्रतिकारशक्तीला आजच करून देण्यात शहाणपण नाही.

एक तपासणी वरकरणी संबंध नसलेली वाटते. फ्लो सायटोमेट्रीवर पेशींच्या पृष्ठभागावरची सीडी-५५ आणि सीडी-५९ ही प्रथिनं बघतात. ती नसलेल्या पेशींचा छोटा गट, म्हणजे पीएनएच क्लोन, अप्लास्टिक ॲनिमियाच्या जवळपास निम्म्या पेशंटमध्ये सापडतो. पीआयजीए या जनुकात दोष असलेली मूळ पेशी बहुधा टी-पेशींच्या नजरेतून निसटते आणि बाकीच्या मारल्या गेल्यावर तिची पिल्लावळ उरते. तरुणात असा तीन टक्क्यांचा गट निघाला. एवढ्याने त्रास होत नाही, उलट हल्ला प्रतिकारशक्तीचाच आहे याची ती साक्ष ठरते. मात्र हा गट पुढे वाढू शकतो, म्हणून तो वेळोवेळी मोजत राहतात.

दोघांचं पुढे काय झालं? तरुणाला एकच बहीण, ती जुळली नाही, म्हणून एटीजी दिलं. पहिले दोन महिने काहीच हललं नाही. घरचे रोज हिमोग्लोबिन विचारायचे आणि ते रक्त चढवलं की वर, मग पुन्हा खाली. या काळात हिमोग्लोबिन बघण्यात अर्थ नसतो, ते दात्याचं असतं. तिसऱ्या महिन्यात रेटिक्युलोसाइट ११,००० वरून २८,००० झाला, पाचव्या महिन्यात ६५,०००. न्यूट्रोफिल हजाराच्या वर गेले. प्लेटलेट्स न चढवता ४०,००० वर टिकू लागल्या, नॉर्मलपेक्षा कमी, पण हिरड्यांतून रक्त थांबवायला पुरेशा.

गृहस्थांना एटीजी दिलं असतं तर आधीच तोकडी असलेली प्रतिकारशक्ती आणखी मोडली असती आणि घुसखोर जागच्या जागी राहिला असता. त्यांना प्रोस्टेटच्या कॅन्सरला पोसणारं हार्मोन थांबवणारी औषधं मिळाली. कंबरदुखी आठवड्याभरात उतरली. तीन महिन्यांनी काचपट्टीवर १०० पांढऱ्या पेशींमागे केंद्रकवाली तांबडी पेशी एकच सापडली आणि प्लेटलेट्स ९०,००० झाल्या. अश्रूंचे थेंब मात्र अजून दिसतात. घुसखोर मागे हटला तरी त्याने विणलेले तंतू विरायला वेळ लागतो.